सिग्नल डिजिटल, तरी स्पीकरमध्ये घुंऽऽ: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «केबलचा सिग्नल आता डिजिटल आहे. त्यातून घुंई येणारच कशी? खराबी सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये असते. उगाच ग्राउंड लूपची भीती घालून लोकांना महागडे आयसोलेटर घ्यायला लावू नका. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकली आणि आवाज गायब. फुकटात काम झालं.»

नमस्कार. सगळ्यात आधी ती पिन परत बसवा, बाकीचं नंतर वाचा.

डिजिटल सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची घुंई मिसळून येत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण ती सिग्नलमधून येतच नाही, केबलच्या बाहेरच्या जाळीतून येते. ही जाळी केबलवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी, म्हणजे कुठेतरी गच्चीवर किंवा शेजारच्या इमारतीत, तिथल्या अर्थिंगला लागलेली असते. तुमचा थ्री पिन अ‍ॅम्प्लिफायर घरातल्या अर्थिंगला. या दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी जाळी, बॉक्सची बॉडी, ऑडिओ केबलची शील्ड आणि घरची अर्थ या वाटेनं प्रवाह फिरत राहतो. हाच ग्राउंड लूप. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही टू पिन असतील तर ही वाट पुरी होत नाही. म्हणूनच अनेकांची घुंई नवा अ‍ॅम्प्लिफायर किंवा सबवूफर जोडला त्या दिवशी सुरू होते आणि दोष त्या नव्या वस्तूवर येतो.

आकडा किती लहान लागतो ते बघा. समजा २० मिलिअँपिअर प्रवाह ऑडिओ केबलच्या शील्डमधून जातोय आणि शील्डचा रोध ०.१ ओहम आहे. त्यातून २ मिलिव्होल्ट तयार होतात आणि ते थेट आवाजात मिसळतात. ऑडिओ सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्टचा धरला, तर रात्री शांत प्रसंगात घुंई ऐकू यायला तेवढं पुरे.

आता तुमच्या अडॅप्टरच्या शंकेबद्दल. ठाण्यातल्या एका ओळखीच्यांकडे हाच वाद होता, तिथे आम्ही असं तपासलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या सगळ्या ऑडिओ वायरी काढल्या: शांत. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठीक. बॉक्सची ऑडिओ वायर जोडली, बॉक्स चालू ठेवला, पण केबलची वायर काढलेलीच: तरीही शांत. अडॅप्टर खराब असता तर घुंई इथेच यायला हवी होती. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सुट्या केबलच्या कनेक्टरचं धातूचं कडं आणि बॉक्सच्या सॉकेटचं कडं यांच्यामधला फरक मोजला. तो एक व्होल्टपेक्षाही कमी होता. (इथे दहा-वीस व्होल्ट किंवा जास्त दिसले तर पुढे हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियन आणि केबलवाला दोघांना बोलवायचं.) शेवटी कनेक्टर प्लास्टिकच्या भागाला धरून त्याचं नुसतं कडं सॉकेटच्या कड्याला टेकवलं, मधली तार आत न घालता. चित्र नाही, सिग्नल नाही, आणि घुंऽऽ सुरू! जाळीवर संशय घ्यायला याहून सरळ पुरावा नाही.

तुम्ही पिन काढलीत आणि आवाज गेला, यानंही लूपच सिद्ध होतो. अडॅप्टर खराब असता तर अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ तोडून काय फरक पडणार होता? पण तुम्ही लूप नको त्या जागी तोडलाय. उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेजची तार बॉडीला लागली, तर तो प्रवाह जायला केबलची बारीक जाळी एवढीच वाट उरते. तिच्यातून एमसीबी पाडण्याइतका प्रवाह जाईल याची खात्री नाही. आणि त्याच वेळी कोणी केबल काढली, तर पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात, पुढची वाट माणसाच्या हातातून.

लूप तोडायचा तो केबलच्या बाजूला. कोॲक्स आयसोलेटर बॉक्सच्या मागे बसतो, त्यात जाळी आणि मधली तार दोन्ही कपॅसिटरमधून जातात. केबलच्या मेगाहर्ट्झमधल्या लहरी पार होतात, ५० हर्ट्झ अडतात. तो बसवल्यावर काही चॅनल तुटायला लागले तर सिग्नल आधीच अशक्त होता असं समजा. त्याच वायरीवर इंटरनेट असेल तर ५ मेगाहर्ट्झपासून चालणारा घ्या.

आणि महागडं म्हणालात, तर तुमच्या टीव्हीला आणि अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल सॉकेट असेल तर आयसोलेटर घेऊच नका. बॉक्स टीव्हीला एचडीएमआयनं, टीव्हीवरून अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल, आणि मधली जुनी ऑडिओ वायर काढून टाका. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

डिशवाल्यांनी मात्र कोॲक्स आयसोलेटर लावू नये. छतावरच्या डिशसमोर सिग्नल पकडणारा जो भाग असतो, त्या एलएनबीला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, ते अडले की चित्रच जाईल. त्यांनी ऑप्टिकल वापरावं, नाहीतर ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. फार स्वस्तातला घेतला तर बास मार खातो, तेवढं बघून घ्या.