बाटली बिनधास्त फेका, जपानचा बॅक्टेरिया बघून घेईल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, "जपानमध्ये प्लॅस्टिक खाणारा बॅक्टेरिया सापडला, आता कचऱ्याचं टेन्शन संपलं". बातमी २०१६ ची आहे, पण एका काकांनी ती आज पहाटे पाठवलीय म्हणजे ताजीच समजायची. तर मंडळी, ओला-सुका करत बसू नका, पाण्याची बाटली रिकामी झाली की कुंडीत खुपसा आणि वाट बघा.

आधी पाहुण्याची ओळख करून घ्या. नाव इडिओनेला साकाएन्सिस. साकाई शहरात पेट बाटल्या रिसायकल करतात त्या जागेवरून शास्त्रज्ञांनी माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने उचलले, त्यात हा निघाला. खातो म्हणजे घास घेत नाही हं. पेट ही एक लांबलचक माळ असते, त्यात टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल हे दोन मणी आलटून पालटून ओवलेले असतात आणि त्यांच्यामधली गाठ म्हणजे एस्टर बंध. बॅक्टेरिया पेटेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतो, ते पृष्ठभागावर बसून ती गाठ पकडतं आणि पाण्याच्या मदतीने तोडतं. सुटतो तो तुकडा बहुतेक एमएचईटी, म्हणजे दोन मणी अजून चिकटलेलेच. मग एमएचईटेज नावाचं दुसरं एन्झाइम ते वेगळे करतं आणि साहेब जेवायला बसतात.

आता वाट किती बघायची? प्रयोगात ३० अंशाला साधारण ६ आठवडे लागले. तेव्हा पोस्टाच्या तिकिटाएवढी पेटची फिल्म जवळजवळ संपली, वजन ६० मिलिग्रॅमच्या आसपास. तुमची बाटली २० ग्रॅमची धरली तर ती त्याच्या तीनशेपट भरते, पण घाई कसली आहे.

आणि हो, ती फिल्म मुद्दाम ढिली निवडलेली होती, साखळ्या पिंजलेल्या कापसासारख्या अस्ताव्यस्त. बाटली फुंकून बनवताना मात्र प्लॅस्टिक ताणलं जातं, त्यामुळे साखळ्या घट्ट पीळ दिलेल्या सुतळीसारख्या एका रांगेत बसतात (याला स्फटिकता म्हणतात, ग्रुपवर लिहू नका, लोक लेफ्ट होतात). फिल्ममध्ये ती २ टक्क्यांच्या आत होती, बाटलीत ३० च्या वर असते. सुतळीच्या आत पेटेजला शिरायला फटच मिळत नाही, ते आपलं वरवर खरवडत बसतं.

घाबरू नका, फ्रान्समध्ये उपाय निघालाय. कुजलेल्या पानांच्या कंपोस्टमधून मिळालेलं एक एन्झाइम घेऊन त्यात बदल करून २०२० मध्ये तिथल्या लोकांनी १० तासांत पेटचं ९० टक्के सुट्टं करून दाखवलं. घरी करायचं असेल तर सोपं आहे. बाटली वितळवा आणि झटकन गार करा म्हणजे साखळ्यांना रांग लावायला वेळ मिळत नाही, मग तिचं पीठ दळा (गिरणीवाल्याशी आधी बोलून घ्या), मग ७२ अंशाच्या पाण्यात एन्झाइमबरोबर ढवळत ठेवा. गॅस जास्त मोठा करू नका, फार तापलं तर पेट आपणहून पुन्हा रांगेत बसायला लागतं आणि सगळी मेहनत पाण्यात. शिवाय जितकी माळ तुटेल तितकं आम्ल सुटतं, पीएच घसरतो आणि एन्झाइम थंडावतं, म्हणून रात्रभर जागून कॉस्टिक सोडा घालत राहायचं. या सगळ्यात बॅक्टेरिया कुठे आहे विचाराल तर तो नाहीच, भांड्यात फक्त एन्झाइम. पण काकांना सांगू नका, मन मोडेल.

कॅरीबॅगचं विचारणारे काही नतद्रष्ट असतातच. ती पॉलिथिनची असते, तिच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला, एस्टरची गाठच नाही, म्हणजे पेटेजने पकडायचं काय? वेफर्सच्या पाकिटात तर वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकावर एक चिकटवलेले असतात. गंमत म्हणजे ज्या एका मालावर हे एन्झाइम चालतं, ती पेटची बाटली आपला भंगारवाला आधीच वजनावर घेऊन जातो, आणि कॅरीबॅग न् पाकिटं तोही घेत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की उद्या गाडी आली की बाटली, पाकीट, चहाचा चोथा, डायपर सगळं एकाच पिशवीत घालून गाठ मारून द्या. फ्रान्सवाले म्हणतील आम्हाला वेगळं काढलेलं स्वच्छ पेट लागतं. त्यांना काकांचा मेसेज फॉरवर्ड करा.