‘अपडेट’ न झालेले बिल

गेल्या महिन्यात आमच्या बाईंना आलेल्या एका फोनबद्दल लिहितो आहे. लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली. त्यांनी दोन अटी घातल्या: नाव घालायचे नाही आणि ‘बिचाऱ्या बाई’ असे कुठेही लिहायचे नाही. बाईंनी सांगलीत 34 वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. मी त्यांच्या वर्गात होतो आणि आता त्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहतो.

संध्याकाळी सहा-चाळीसच्या सुमारास त्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत एक संदेश आला. मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्यामुळे आपला वीजपुरवठा आज रात्री साडेनऊ वाजता खंडित करण्यात येईल, तरी त्वरित आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, असा त्याचा आशय होता आणि खाली एक दहा अंकी मोबाईल क्रमांक होता. असा संदेश 2022 पासून देशभर फिरतो आहे आणि वर्तमानपत्रांनी त्याबद्दल अनेकदा लिहिले आहे. बाई वर्तमानपत्र शब्दकोड्यासकट वाचतात, त्यामुळे ही बातमीही त्यांनी वाचलेली होती. तरीही त्यांनी त्या क्रमांकावर फोन लावला, आणि तो का लावला हेच मला सांगायचे आहे.

हा संदेश ‘तुम्ही बिल भरले नाही’ असे म्हणत नाही. तसे म्हणाला असता तर बाईंनी तो तिथेच पुसून टाकला असता, कारण बिल त्यांनी 11 तारखेला भरणा केंद्रावर रांगेत उभे राहून रोखीने भरले होते आणि 1,380 रुपयांची पावती बिलाला टाचून ठेवली होती. संदेश म्हणतो, बिल ‘अपडेट’ झालेले नाही. म्हणजे तुम्ही पैसे भरले असतीलही, पण आमच्या दप्तरी त्याची नोंद लागलेली नाही. आयुष्यभर सरकारी कागदपत्रांशी झगडलेल्या माणसाला हे क्षणात पटते. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात सेवापुस्तकातली एक नोंद राहिली म्हणून बाईंनी स्वतः सात महिने खेटे घातले होते. नोंद राहते, ती आपल्यालाच जाऊन दुरुस्त करून घ्यावी लागते आणि कचेरीतला माणूस भेटला की त्याला सोडायचे नसते, हा त्यांचा अनुभव होता. तेव्हा हा सापळा निष्काळजी माणसासाठी नाही, वेळच्या वेळी बिल भरणाऱ्या आणि पावत्या जपणाऱ्या माणसासाठी लावलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘एवढ्या शिकलेल्या असून कशा फसतात’ असे म्हणणाऱ्यांनी संदेशातला तो एक शब्द पुन्हा वाचावा.

वेळही विचारपूर्वक निवडलेली असते. पावणेसातला वीज कार्यालय बंद झालेले असते, साडेनऊला अजून जवळजवळ तीन तास असतात, आणि मधल्या काळात बोलायला एकच क्रमांक हाताशी असतो, तो म्हणजे संदेशातला. बाईंच्या घरी त्यात आणखी एक भर होती. त्यांच्या यजमानांचे इन्सुलिन फ्रीजमध्ये असते आणि दिवस मे महिन्याचे होते. फोन लावण्याआधी बाईंनी मेणबत्ती आणि काडेपेटी काढून टेबलावर ठेवली होती.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने ग्राहक क्रमांक विचारला. बाईंनी बिलावरचे बारा अंक वाचून दाखवले. त्याने ते पुन्हा म्हणून दाखवले आणि ‘हो मॅडम, पेंडिंग दाखवतंय’ असे सांगितले. वीज तोडायला एवढ्या रात्री माणूस कसा येईल, अशी शंका बाईंनी काढली, तेव्हा तो म्हणाला की तुमचे मीटर नवीन आहे ना, मग माणूस कशाला यायला हवा, इथूनच बंद होते. इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. ‘वायरमन खांबावर चढल्याशिवाय लाईट जात नाही, घाबरू नका’ असे मीच पूर्वी बाईंना सांगितले होते. जुन्या मीटरपुरते ते बरोबर होते. स्मार्ट मीटरचा पुरवठा मात्र दुरून बंद करता येतो, आणि बाईंकडे असे मीटर जानेवारीत बसले होते. मी दिलेला भरवसा त्या माणसाने एका वाक्यात काढून घेतला.

बाईंना खरा आधार द्यायला हवा होता तो कायद्याचा. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी कळवून रात्री तोडणे त्यात बसत नाही. मीटर कुठूनही बंद करता येत असले तरी पंधरा दिवस पंधराच राहतात.

त्यानंतर त्याने सांगितले की नोंद चढवायला फक्त दहा रुपये भरावे लागतील, तेही परत मिळतील. मात्र त्याआधी एक अॅप घ्यावे लागेल. हे अॅप वीज कंपनीचे नव्हते. एका संगणकाचा पडदा दुसऱ्याला दाखवण्यासाठी दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ वापरतात, तसे ते एरवी अगदी सरळमार्गी अॅप होते. ते उघडले की पडद्यावर एक क्रमांक येतो. तो समोरच्याला सांगितला आणि विचारलेल्या प्रश्नाला होकार दिला की आपल्या मोबाईलवर जे काही दिसते ते सारे त्याला दिसू लागते. रिझर्व्ह बँकेने अशा अॅपच्या गैरवापराबद्दल 2019 मध्येच बँकांना सावध केले होते.

हे पुढे कसे चालते ते नीट समजून घ्यावे, कारण ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हा आपला ठेवणीतला उपदेश इथे अपुरा पडतो. काही पैसे पाठवण्याच्या अॅपमध्ये पिन टाकताना पडदा समोरच्याला काळा दिसतो, म्हणून हे लोक बहुधा एक साधा अर्ज उघडायला लावतात आणि त्यात कार्डावरचे सोळा अंक, मुदत आणि मागचे तीन अंक भरायला सांगतात. तुम्ही दहा रुपयांसाठी अंक भरत असता, आणि ते अंक वाचून तो दुसरीकडे त्याला हव्या त्या रकमेचा व्यवहार सुरू करतो. मग तुमच्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि पडद्याच्या वरच्या कडेला क्षणभर झळकतो. तुम्ही तो कुणालाही सांगितलेला नसतो, त्याने तो वाचलेला असतो. त्या संदेशात खरी रक्कमही बहुधा लिहिलेली असते, पण दहा रुपयांच्या तंद्रीत असलेला माणूस रक्कम वाचत नाही, तो सहा अंक शोधतो. एवढी छोटी रक्कम मागण्याचे कारण हेच आहे. हजार रुपये मागितले असते तर बाईंनी पावती कोणत्या नावाने मिळेल ते आधी विचारले असते.

बाई इथवर आल्या होत्या. अॅप सापडले, त्यांनी ते घ्यायला बोटही लावले, आणि मोबाईलने कळवले की पुरेशी जागा शिल्लक नाही.

जागा शिल्लक नव्हती, कारण बाई शाळेच्या माजी शिक्षकांच्या दोन आणि नात्यातल्या तीन गटांत आहेत, आणि त्या पाचही गटांत रोज सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा आणि सुविचार यांची चित्रे पडत असतात. ती पुसणे बाईंना असभ्यपणाचे वाटते. त्या माणसाने फोटो काढून टाकायला सांगितले. बाई एकेक चित्र उघडून, पाहून आणि मग पुसू लागल्या, कारण मध्येच नातवाचे बारशाचे फोटोही होते. दहा-बारा मिनिटे गेली. त्याचा आवाज बदलला. ‘मॅडम’ची ‘आजी’ झाली, आणि ‘फोटो काय बघत बसलाय, सगळे सिलेक्ट करा’ असे तो खेकसला. फोन कापायचा नाही, अशी ताकीद त्याने आधीच देऊन ठेवली होती. म्हणून बाईंनी मोबाईल तसाच चालू ठेवला आणि घरातल्या जुन्या दूरध्वनीवरून मला फोन केला. आमच्या गल्लीत अजून तो वापरणाऱ्या बहुतेक त्या एकट्याच असाव्यात.

‘अरे, मोबाईलमधले फोटो एकदम कसे काढतात?’

मी म्हटले, ‘का हो बाई, एवढ्या संध्याकाळी?’

‘लाईटवाल्यांचं अॅप बसत नाहीये.’

त्या क्षणी मी ‘आधी मोबाईल बंद करा’ असे म्हणायला हवे होते, तेवढेच योग्य होते. पण मला राहवले नाही. मी म्हटले, ‘बाई, त्याला तुमचा बिलिंग युनिट क्रमांक विचारा.’ महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांकाखेरीज हा चार अंकी क्रमांक छापलेला असतो. ज्याच्यासमोर तुमचे खाते खरोखर उघडे आहे, त्याला तो दिसायला हवा. आणि खरे पाहता, ज्याच्यासमोर खाते उघडे आहे त्याने तुमच्याकडूनच ग्राहक क्रमांक घेऊन तोच तुम्हाला परत म्हणून दाखवण्यात काय सिद्ध होते?

बाईंनी विचारले. मला दुसऱ्या फोनमधून ते ऐकू येत होते, आणि आवाज तोंडी परीक्षेचा होता. तो म्हणाला, सर्व्हरवर दिसत नाही. बाई म्हणाल्या, ‘मग पेंडिंग कसं दिसलं?’ त्यावर त्याने एक शिवी दिली आणि फोन ठेवला.

मी लगेच त्यांच्या घरी गेलो. अॅप उतरलेले नव्हते, कार्डाचे अंक कुठेही भरलेले नव्हते. पैसे गेले असते तर तत्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा लागला असता, कारण पैसे खात्यांतून बाहेर काढले जाण्यापूर्वीच ते अडवता येतात. इथे पैसे गेले नव्हते, म्हणून दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीत आम्ही तो क्रमांक आणि संदेश नोंदवला. महावितरणचे खरे संदेश बाईंच्याच मोबाईलमध्ये होते. ते मी त्यांना दाखवले. पाठवणाऱ्याच्या जागी मोबाईल क्रमांक नसून MSEDCL ही अक्षरे होती, आणि 11 तारखेला पैसे मिळाल्याचा संदेशही त्यातच होता. बाईंनी तो तीनदा वाचला. ‘हा मी बघितलाच नव्हता,’ म्हणाल्या. गुलाबांच्या खाली गेला होता, असे माझ्या तोंडावर आले होते, पण मी बोललो नाही.

त्यानंतर मी महावितरणच्या 1912 या मदत क्रमांकावर फोन लावून दिला, म्हणजे त्यांना अधिकृत तोंडून ऐकायला मिळावे. थकबाकी शून्य असल्याचे तिथून सांगितले गेले. बाईंनी ते पावतीच्या मागे वेळेसकट लिहून ठेवले.

एवढे झाल्यावर मी निघायला उठलो, तर बाई म्हणाल्या, ‘बस जरा, चहा टाकते.’ चहा झाला तरी त्या मला उठू देईनात. पावणेदहापर्यंत आम्ही तिघेही बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून होतो, दिवा आणि पंखा चालूच होता. मी जाताना टेबलावरची मेणबत्ती खणात ठेवू लागलो.

‘राहू दे तिथेच आजच्या दिवस,’ बाई म्हणाल्या.