थंड होण्याचे गणित आणि सरासरीची पळवाट

“न्यूटनच्या शीतलीकरणाच्या गणितात अवकल समीकरण सोडवत बसू नका. १) सुरुवातीच्या आणि शेवटच्या तापमानाची सरासरी घ्या, तिच्यातून भोवतालचे तापमान वजा करा आणि k ने गुणा, म्हणजे थंड होण्याचा दर अचूक मिळतो. २) सर्व तापमाने आधी केल्विनमध्ये बदला, नाहीतर उत्तर चुकते. ३) k हा पदार्थाचा गुणधर्म आहे, एकदा काढला की कुठेही वापरा.”

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीला हा संदेश परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्या वर्गाच्या गटातून आला आणि तिने वहीतले बरोबर सोडवलेले गणित खोडून टाकले. म्हणून तेच गणित येथे पुन्हा मांडतो. भोवतालचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे, वस्तू ९० अंशांवरून १० मिनिटांत ६० अंशांवर येते, तर ती ४० अंशांवर केव्हा येईल?

समीकरण `dT/dt = -k(T - 30)` असे आहे. भोवतालापेक्षा वस्तू जितकी अधिक तापलेली आहे, तो फरक `θ = T - 30` मानला की ते `dθ/θ = -k dt` असे वेगळे होते आणि समाकलन केल्यावर `θ = 60 e^(-kt)` मिळते. दहाव्या मिनिटाला θ ३० आहे, म्हणजे निम्मा झाला आहे. म्हणून `k = (ln 2)/10`, अर्थात दर मिनिटाला सुमारे ०.०६९३. आता θ १० व्हायला हवा, म्हणून `t = (ln 6)/k`, म्हणजे सुरुवातीपासून सुमारे २५.८५ मिनिटे. एवढेच काम आहे. त्यासाठी पळवाट का लागावी, हे मला समजत नाही.

आता संदेशातली रीत लावू. पहिल्या टप्प्यात सरासरी ७५, तिचा भोवतालशी फरक ४५ आणि दर मिनिटाला ३ अंश, म्हणून k येतो १/१५. पुढे ६० ते ४० या टप्प्यात सरासरी ५०, फरक २०, म्हणून वेळ १५ मिनिटे आणि एकूण २५. मात्र ९० ते ४० ही घसरण त्याच k ने एका दमात मोजली, तर सरासरी ६५ येते आणि वेळ निघतो सुमारे २१.४ मिनिटे. एकाच गणिताला एकाच सूत्राने दोन उत्तरे देणाऱ्या रीतीला अचूक कसे म्हणायचे?

याहून मोठा विनोद पुढे आहे. हीच वस्तू ६० वरून २० अंशांवर केव्हा येईल, असे या सूत्राला विचारा. सरासरी ४०, फरक १०, म्हणून ते निमूटपणे ६० मिनिटे असे उत्तर देते. ३० अंशांच्या खोलीत ठेवलेली वस्तू आपोआप २० अंशांवर उतरते, असा त्याचा अर्थ होतो. खऱ्या समीकरणात θ शून्याच्या जवळ जात राहतो, पण शून्य कधीच होत नाही.

चूक नेमकी कोठे आहे? वस्तू प्रत्येक तापमानावर सारखा वेळ थांबत नाही. गार होत जाते तसतशी ती अधिक रेंगाळते. त्यामुळे काळानुसार काढलेली खरी सरासरी दोन टोकांच्या मध्यापेक्षा नेहमी खाली असते आणि ती `(θ1 - θ2)/ln(θ1/θ2)` इतकी येते. उष्णता विनिमयकाच्या गणितात यंत्र अभियंते वापरतात तो लॉगॅरिदमिक मध्य हाच. आपल्या पहिल्या टप्प्यासाठी तो ४५ नसून ४३.२८ आहे आणि त्याने भागले की k पुन्हा ०.०६९३ मिळतो. खुद्द न्यूटनने १७०१ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये नाव न देता छापलेल्या लॅटिन लेखात म्हटले आहे की, काळाचे समान टप्पे घेतले तर उष्णतेचे अंश भूमिती श्रेढीत उतरतात आणि लॉगॅरिदमच्या सारणीवरून काढता येतात. ज्याच्या नावाने सरासरी खपवली जात आहे, त्यानेच लॉगॅरिदमकडे बोट दाखवले होते.

एक गोष्ट मान्य करावी लागते. घसरण लहान असेल, तर सरासरीने काम भागते. ९० वरून ८४ अंशांपर्यंत खरा मध्य ५६.९५ आहे आणि साधा मध्य ५७. हा फरक हजारात एकापेक्षा कमी आहे. θ निम्मा होईपर्यंत मात्र चूक सुमारे चार टक्क्यांवर जाते आणि तेथून पुढे ती झपाट्याने वाढते. शालेय पुस्तकांतली उदाहरणे बहुधा लहान घसरणीची असतात, म्हणून ही रीत तेथे खपून जाते.

केल्विनच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. समीकरणात केवळ तापमानांचा फरक आहे, दोन्हींत २७३.१५ मिळवले तर ते वजाबाकीत निघून जाते. केल्विन अपरिहार्य होते ते प्रारणाच्या चौथ्या घाताच्या नियमात, आणि तो नियम येथे वापरलेलाच नाही.

तिसरा मुद्दा मात्र प्रयोगशाळेत महागात पडतो. `k = hA/(mc)` यात पदार्थाची म्हणावी अशी एकच राशी आहे, विशिष्ट उष्णता c. पृष्ठफळ A आणि वस्तुमान m त्या वस्तूचे असतात, तर पृष्ठभागावरून उष्णता किती सहज निघून जाते ते सांगणारा h हवा स्थिर आहे की वाहती यावर ठरतो. एकाच धातूचा गोळा आणि तितक्याच वजनाचा पातळ पत्रा शेजारी ठेवले तर पत्रा आधी निवतो, आणि पंखा सुरू केला तर दोघांचेही k पुन्हा मोजावे लागतात.