सोयाबीन, पाऊस आणि ०.२१ हा आकडा

«मराठवाड्यात पावसाचा आणि सोयाबीनच्या उताऱ्याचा काडीचाही संबंध नाही. आकडे टाकून बघा, r ०.२ च्या आसपास येतो, म्हणजे फक्त २० टक्के संबंध. उरलेले ८० टक्के शेतकऱ्याच्याच हातात. आणि पावसावरच सगळं असतं तर जास्त पावसात जास्त पिकलं असतं; मग अतिवृष्टीची रड कशाला?»

हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी पाठवला. एकाने खाली लिहिलं होतं, «सर, गणित तर बरोबर आहे ना?» त्याच्या घरी सात एकर कोरडवाहू आहे. चुलते आणि वडील काय भोगतात हे त्याने पाहिलेलं आहे, तरी आकड्यापुढे तो गप्प बसला. म्हणून आकड्यापासूनच सुरुवात करतो.

खालचे आकडे मी वर्गात शिकवण्यासाठी बनवलेले आहेत, कोणत्याही तालुक्याचे नाहीत. हातानं गणित करता यावं म्हणून ते सोपे ठेवलेत. पाऊस जून ते सप्टेंबरचा, उतारा हेक्टरी.

| पाऊस (मिमी) | उतारा (क्विंटल) |
|---|---|
| ४०० | ६ |
| ५०० | १० |
| ६०० | १३ |
| ७०० | १५ |
| ८०० | १४ |
| ९०० | ११ |
| १००० | ८ |

पावसाची सरासरी ७००, उताऱ्याची ११. आता प्रत्येक वर्ष या दोन सरासऱ्यांपासून किती लांब आहे ते लिहा. पावसाचं अंतर शंभराच्या हिशेबात. ४०० मिमीचं वर्ष पावसात ३ ने खाली आणि उताऱ्यात ५ ने खाली. वजा गुणिले वजा, म्हणून गुणाकार अधिक १५. १००० मिमीचं वर्ष पावसात ३ ने वर, पण उताऱ्यात ३ ने खाली, म्हणून गुणाकार वजा ९. अशी सातही वर्षं केली की गुणाकार येतात १५, २, −२, ०, ३, ०, −९. त्यांची बेरीज फक्त ९.

पावसाच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज २८ येते, उताऱ्याच्या अंतरांची ६४. दोघांचा गुणाकार १७९२, त्याचं वर्गमूळ सुमारे ४२.३. नऊला त्याने भागलं की r, म्हणजे सहसंबंध गुणांक, = ०.२१. गणित बरोबर आहे. r शून्याजवळच आला.

पण तो शून्याजवळ का आला, ते गुणाकारांच्या ओळीत दिसतं. कोरडं वर्ष बेरीज अधिककडे ओढतं, अति ओलं वर्ष तीच बेरीज वजाकडे ओढतं. एका गाडीला दोन बैल उलट दिशांनी जुंपले तर गाडी जागची हलत नाही. त्यावरून बैलांत जोर नाही असं कुणी म्हणत नाही. r फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हे ठिपके एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत? इथे ठिपके टेकडीसारखे चढून उतरलेत. टेकडीला सरळ रेषा बसतच नाही.

खात्री करायची असेल तर टेकडीचे दोन उतार वेगळे मोजा. ४०० ते ७०० मिमीची चार वर्षं घेतली तर r ०.९९ येतो. ७०० ते १००० ची चार वर्षं घेतली तर वजा ०.९८. दोन्हीकडे संबंध घट्ट आहे, फक्त दिशा उलट आहे. एक सावधगिरी मात्र हवी: आलेख आधी पाहून, सोयीच्या जागी तुकडे पाडून r काढला तर तो फुगतो. असे तुकडे समजून घेण्यासाठी ठीक आहेत, प्रबंधात पुरावा म्हणून नकोत. तिथे सगळी वर्षं एकत्र ठेवून वक्र रेषा बसवावी, म्हणजे समीकरणात पावसाबरोबर पावसाचा वर्गही घ्यावा. वरच्या सात आकड्यांना तशी रेषा बसवली की शिखर सुमारे ७२० मिमीला येतं आणि चढउताराचा ९८ टक्के भाग ती सांगते. आकडे बनवलेले असल्यामुळे बसणी इतकी नीट आहे. खऱ्या आकड्यांत ती इतकी सुबक येणार नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की r काढण्याआधी ठिपक्यांचा आलेख काढा. आलेखाच्या कागदावर सात ठिपके मांडायला पाच मिनिटं लागतात. ज्याने हा मजकूर लिहिला त्याने ती पाच मिनिटं दिली असती तर पहिलं वाक्य लिहिलंच नसतं.

आता टक्केवारी. r म्हणजे टक्के नव्हेत. टक्क्यांत बोलायचं तर r चा वर्ग घ्यावा लागतो. ०.२१ चा वर्ग सुमारे ०.०४५, म्हणजे साडेचार टक्के. हा आकडा तर वीसपेक्षाही लहान झाला, मग मजकूर लिहिणाऱ्याचंच म्हणणं बळकट झालं का? नाही. हे साडेचार टक्के पावसाचा वाटा सांगत नाहीत. उतारा वर्षागणिक जितका खालीवर होतो, त्यातला किती भाग *सरळ रेषेने* सांगता आला, इतकंच ते सांगतात. त्याच पावसाने वक्र रेषेतून ९८ टक्के सांगितले, हे आपण आत्ताच पाहिलं. पाऊस तोच, फक्त रेषा बदलली.

आणि जे रेषेने सांगता आलं नाही ते आपोआप शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही. या उरलेल्या भागात जमीन आली: खोल काळी जमीन पावसाचा खंड दोन आठवडे सोसते, बरड माळावर पीक आठवड्यात माना टाकतं. त्यात पिवळा मोझॅक आला, खोडमाशी आली. मोजण्यातली चूकही त्यातच आली. पर्जन्यमापक महसूल मंडळात एका ठिकाणी असतो आणि पाऊस शिवाराशिवारात वेगळा पडतो. पेरणी, बियाणं, खत, फवारणी हेही त्या ढिगात आहेतच, पण किती, हे पावसाच्या आकड्यांतून काढता येत नाही. त्यासाठी त्या गोष्टींचे आकडे वेगळे गोळा करून समीकरणात घालावे लागतात.

सात वर्षं फार थोडी असतात, हेही इथेच सांगतो. सात जोड्यांसाठी r निदान ०.७५ च्या वर असेल तरच पाच टक्के पातळीवर तो योगायोग नव्हे असं आपण म्हणतो. ०.२१ त्याच्या खूप खाली आहे, म्हणजे सरळ रेषेचा पुरावा मिळाला नाही. पुरावा मिळाला नाही आणि संबंध नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

अतिवृष्टीच्या वाक्याने मला सर्वात जास्त दुखावलं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. जास्त पावसात जास्त पिकायला हवं, हे अनुमान निघतं कुठून? कोरड्या चार वर्षांच्या रेषेतून. ती रेषा सांगते, दर १०० मिमीला ३ क्विंटल वाढ. शिकताना हे समीकरण स्वतः काढून पाहा. एक्सेलमध्ये काढणार असाल तर एक चूक सगळेच करतात: SLOPE मध्ये उतारा आधी आणि पाऊस नंतर द्यायचा असतो. पाऊस A स्तंभात आणि उतारा B स्तंभात असेल तर पहिल्या चार वर्षांसाठी असं:

```
=CORREL(A2:A5,B2:B5)
=SLOPE(B2:B5,A2:A5)
=INTERCEPT(B2:B5,A2:A5)
```

CORREL ला क्रमाने फरक पडत नाही, SLOPE ला पडतो. उत्तर ०.०३ येईल, कारण ते एका मिलिमीटरमागचं आहे. शंभराने गुणलं की ३. शेवटचा आकडा वजा ५.५ येतो. शून्य पावसात हेक्टरी वजा साडेपाच क्विंटल सोयाबीन! असं काही नसतं, आणि तिथेच ही रेषा तुम्हाला सांगते की माझी हद्द ४०० ते ७०० एवढीच आहे. तीच रेषा १००० मिमीपर्यंत ताणली तर साडेचोवीस क्विंटल सांगते. तक्त्यात आहेत ८. जिथले आकडे नाहीत तिथे रेषा ताणू नये, हा नियम याचसाठी आहे.

शेतात काय होतं ते तर मराठवाड्यातल्या मुलाला सांगायला नको. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, गाठी काम करेनाशा होतात, पीक पिवळं पडतं. वापसा येईना म्हणून कोळपणी होत नाही, तण माजतं. काढणीच्या वेळी झड लागली की उभ्या पिकातच शेंगांना कोंब फुटतात. रेषेला यातलं काहीच माहीत नाही, कारण कोरड्या चार वर्षांत ते घडलेलंच नव्हतं.

एवढं झाल्यावरही वक्र रेषेवर विसंबून राहू नका, कारण ‘चार महिन्यांची बेरीज’ हा आकडाच मुळात कच्चा आहे. समजा दोन वर्षी प्रत्येकी ७०० मिमी पडला. एका वर्षी तो आठ-दहा दिवसांच्या अंतराने पडत राहिला. दुसऱ्या वर्षी जुलैत धो धो कोसळला आणि शेंगा भरताना तेवीस दिवस उघडीप राहिली. आलेखावर दोन्ही ठिपके एकाच उभ्या रेषेत येतील, एक वर आणि एक खूप खाली, आणि कोणतीही रेषा दोघांना एकदम गाठू शकणार नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेडला गव्हाचा उतारा पावसाशी जोडला, तेव्हा त्यांनीही वर्षाच्या बेरजेवर भागवलं नव्हतं. पाऊस वर्षभर कसा वाटला गेला तेच समीकरणात घेतलं होतं. आपल्याकडे पेरणीपासून दिवस मोजून फुलोऱ्याचा आणि शेंगा भरण्याचा पाऊस वेगळा लिहावा, शिवाय सर्वात लांब खंड किती दिवसांचा होता तेही लिहावं. अर्थात आकडेवारी सात वर्षांचीच असेल तर एका वेळी एकच असा आकडा घ्या. तीन-चार एकदम घातले तर रेषा सातही ठिपक्यांना जवळजवळ चिकटेल आणि आठव्या वर्षी तोंडघशी पाडेल.

आणि जून ते सप्टेंबरच्या बेरजेत ऑक्टोबर नसतो. २०१९ मध्ये परतीच्या पावसाने मराठवाड्यात काढणीला आलेलं आणि कापून ठेवलेलं सोयाबीन भिजवलं. त्या वर्षाच्या ओळीत पावसाच्या रकान्यात तो पाऊस दिसणार नाही, उताऱ्याच्या रकान्यात मात्र नुकसान दिसेल. तक्ता भरताना या पावसासाठी एक वेगळा रकाना आधीच आखून ठेवा.