साहेबांचा अंगठा

पगाराची चिठ्ठी आली आणि त्यात ‘अर्धा दिवस रजा’ दिसली. तीही सकाळी आठला येऊन पाचपर्यंत राबलेल्या दिवसाची!

मागणी साधी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहाला माझा वर्ग, फक्त चार महिने. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. त्या दिवशी मी आठ ते पाच बसणार, म्हणजे तास तेवढेच. कधीपासून कधीपर्यंत, पाचनंतर क्लायंट खवळला तर कोण सांभाळणार, सगळं मेलमध्ये लिहिलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

तिथे आमचे एक ज्येष्ठ सहकारी चहा पीत बसले होते. मला वाटलं उठतील. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“कसला वर्ग?”

“डेटा अ‍ॅनालिटिक्सचा.”

“या वयात?” साहेबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. “आणि पाचनंतर फोन आला तर?”

“सहकारी घेतील. तसं ठरलंय.”

“उद्या सगळेच शिकायला लागले तर?”

कंपनीवर एवढं भीषण संकट कोसळेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हे गृहस्थ स्वतः साडेदहाला उगवतात, पण रात्री आठपर्यंत थांबतात म्हणून त्यांची निष्ठा वादातीत. लवकर येणारा कुणाला दिसत नाही, कारण तेव्हा बघायला कुणी आलेलंच नसतं. उशिरा जाणारा मात्र सगळ्यांना दिसतो, मग तो पत्त्यांचा गेम खेळत का बसलेला असेना.

“कोर्स झाला की नोकरी सोडणार, लिहून घ्या,” असं साहेबांना सांगून ते बिस्किटाकडे वळले.

साहेब म्हणाले, “करा, काम अडू देऊ नका.” माझ्या मेलवर त्यांनी वर केलेल्या अंगठ्याचं चिन्हही टाकलं. मी धन्य.

आता एचआरच्या बाई सांगतात, हजेरीच्या यंत्रात माझी शिफ्ट बदललेलीच नाही. यंत्र साडेनऊपासून मोजतं. आठला आलात ती तुमची हौस. साडेसहाच्या आधी गेलात की अर्धा दिवस. शिफ्ट बदलायला साहेबांची लेखी मंजुरी हवी, तारखांसकट.

“मेलवर अंगठा आहे ना!”

“अंगठा चालत नाही.”

रोज सकाळी त्या यंत्रावर माझा अंगठा चालतो. एवढे शिकलेले साहेब अंगठेबहाद्दर निघाले, त्याचा दंड मी भरायचा! कापलेले पैसे पुढच्या पगारात ‘समायोजित’ होतील म्हणे, पण साहेबांनी मेल लिहिला तर. साहेब दौऱ्यावर आहेत. हे नियम बाई आधी का सांगत नाहीत? तर म्हणे, कुणी विचारत नाही.

काल पाचला बॅग उचलली, तर ते गृहस्थ जिन्यात भेटले. हसून म्हणाले, “काय, आज हाफ डे?”

मी “हो” म्हणालो. चिठ्ठीत तसंच छापलंय.