भूमितीचा पेपर आणि मूठभर वाळू

मंगळवारी पहाटे साडेचारला माझा भूमितीचा पेपर होता. पोचायला उशीर झाला होता, कारण हॉलतिकिटावर केंद्र होतं बिंदू चौकाजवळचं आणि मी सायकल हाणत पोचलो होतो पन्हाळ्यावर. तिथनं परत येईपर्यंत वर्गातली पोरं पुरवण्या बांधायला लागली होती. मी बसलो. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, नाकावर चाळिशीचा चष्मा. शेजारच्या बाकावरच्या मिसरूड फुटलेल्या पोराला यात काहीच वावगं वाटलं नाही. कंपास पेटी उघडली तर आत कंपासच्या जागी व्हर्निअर कॅलिपर. पहिलाच प्रश्न पायथागोरसचं प्रमेय. म्हटलं, वाचलो. पण प्रश्नातल्या एबीसी त्रिकोणाचा वाचेपर्यंत पीक्यूआर झाला आणि पेनाचं टोपण काढेपर्यंत एलएमएन.

"अहो! वरडालाय कशाला?" बायकोनं गदागदा हलवलं.

"लंब कुठनं टाकायचा?" मी विचारलं.

"आधी अंगावर पांघरूण टाका," ती म्हणाली आणि कूस बदलून घोरायला लागली.

मी दहावी पास झालो 1994 च्या मार्चमध्ये, आपल्याच कोल्हापूर बोर्डातनं. भूमितीत 75 पैकी 68. मार्कलिस्ट लॅमिनेट करून कपाटाच्या लॉकरमध्ये, बायकोच्या गंठणाखाली ठेवली आहे. हे इतक्या खात्रीनं सांगतो, कारण पहाटे उठून ती बघून यायची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे. दुसऱ्या वेळी बायकोला वाटलं, मी गंठण मोडायला काढलं. तो खुलासा मार्कलिस्टपेक्षा अवघड गेला.

आता गंमत अशी, की मी काही सगळ्याच परीक्षांत पास झालेलो नाही. डिप्लोमाला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'मध्ये दोनदा उडालो. वडिलांनी तेव्हा आठवडाभर माझ्याशी फक्त म्हशीमार्फत संवाद ठेवला होता. ("हिला सांगा, वैरण काढली का.") स्वप्न पडायचं तर त्या पेपरचं पडावं की नाही? तीस वर्षांत एकदाही नाही. पडतं ते 68 मार्कांचं.

हे का, ते शोधायचं काम आमच्या घरात बायकोनं केलं आणि तेही दुधाच्या कॅलेंडरवर. खाड्याच्या दिवशी ती फुली मारते, तसं माझ्या वरडण्याच्या दिवशी 'भू' लिहायला लागली. तीन महिन्यांत सहा 'भू' झाले. तिनं मला समोर बसवून एकेक तारखेवर बोट ठेवलं. दोन 'भू' गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटच्या आदल्या रात्रींचे. एक पोरीच्या शाळेतल्या पालकसभेच्या आधीचा. एक मेहुण्याची नवी गाडी मी चालवणार होतो आणि मेहुणा शेजारी बसणार होता, तेव्हाचा. उरलेले दोन साहेबांच्या मीटिंगचे.

"आणि हे बघा," म्हणाली, "ह्या दिवशी तुमचा अख्खा लॉट परत आलाता. त्या रात्री काहीच नाही. ढाराढूर."

खरं होतं. मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटी सांभाळतो. त्या दिवशी गिऱ्हाइकानं चारशे कास्टिंग परत पाठवली होती, आतनं बारीक बारीक छिद्रं. चूक आमचीच होती, सगळ्यांना दिसत होती, साहेब बोलायचं ते सगळं बोलले होते. मी घरी येऊन दोन भाकऱ्या हाणून झोपलो. जे उघडं पडलं, त्याची भीती कसली?

तेव्हा पहिल्यांदा डोक्यात काहीतरी हललं.

मग वाचलं. मनोविश्लेषक फ्रॉईडनं सव्वाशे वर्षांपूर्वीच हे लिहून ठेवलंय, की परीक्षेची स्वप्नं पडतात ती पास झालेल्या परीक्षांची, नापास झालेल्यांची नाही. तो स्वतः न्यायवैद्यकात नापास झाला होता. त्याचं स्वप्न कधी पडलं नाही. पडायचं ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन आणि इतिहास यांचं. त्याचा निष्कर्ष धीर देणारा होता. उद्या कसोटी आहे म्हणून माणूस घाबरतो, तेव्हा स्वप्न जुनी भीती काढून दाखवतं आणि म्हणतं, बघ, तेव्हाही असाच घाबरलेलास आणि पास झालास. स्वप्न असं बोलत असेलही. माझं तरी आजवर वाक्य पूर्ण करत नाही. 'घाबरलेलास' इथंच जाग येते.

मला पटलं ते त्याच्या इतिहासाच्या पेपरचं. तोंडी परीक्षेत तीन प्रश्नांचा कागद हातात आला. मधला प्रश्न त्यानं नखानं खरडला आणि कागद परत दिला. याच्यावर फार जोर देऊ नका, अशी ती मुकी विनवणी. प्राध्यापक दयाळू, त्यांनी ती खूण ओळखली. गडी पास झाला तोही झोकात. आणि मग जन्मभर त्याच पेपरचं स्वप्न!

हे वाचलं आणि माझे 68 मार्क डोळ्यांपुढं उभे राहिले. त्यातलं पायथागोरसचं प्रमेय मी शब्दन्‌शब्द पाठ केलं होतं. त्रिकोण एबीसी, कोन बी काटकोन, बीपासून एसीवर लंब बीडी. लंब का टाकायचा, टाकल्यावर त्या दोन पोरत्रिकोणांचं आईत्रिकोणाशी काय नातं लागतं, यातलं मला ओ की ठो कळलेलं नव्हतं. पेपर काढणाऱ्यानं नुसती अक्षरं बदलली असती, तरी मी संपलो असतो. त्यानं नाही बदलली. तीस वर्षं मी वाट बघतोय, की तो येणार आणि बदलणार.

पहाटेच का, यालाही कारण आहे. झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची. स्वप्नांचा मोठा हप्ता प्रत्येक फेरीच्या शेवटी येतो आणि पहाटेकडं तो लांबत जातो. त्या वेळी मेंदूतला भीती-भावनांचा भाग चांगलाच जागा असतो आणि 'थांब, हे कसं शक्य आहे' असं विचारणारा कपाळामागचा भाग मंदावलेला. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन फुल्ल चालू आणि क्वालिटी खातं सुट्टीवर. मग व्हर्निअर घेऊन दहावीला बसलेला चष्मेवाला पास होऊन निघतो आणि शॉपमध्ये कुणी 'एनसी', म्हणजे नियमात न बसल्याचा शेरा, काढत नाही.

पॅरिसच्या संशोधकांनी 719 विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणाच्या स्पर्धापरीक्षेनंतर विचारलं होतं, 2014 मध्ये ते छापून आलं. निम्म्याहून जास्त पोरांना आदल्या रात्री पेपरचं स्वप्न पडलेलं, बहुतेकांचं वाईटच, उशीर झाला, उत्तर आठवेना असलंच. आणि स्वप्न पडलेल्या पोरांचे मार्क जरा बरे होते. मी लगेच बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ज्यांनी अभ्यास केला त्यांनाच पडली असणार की. तुम्ही काय अभ्यास करतासा?" हाच मुद्दा आहे आणि मला तो आवडलेला नाही.

रविवारी रंकाळ्यावर फिरताना आमच्या गल्लीतले निवृत्त गणिताचे सर भेटले. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते संध्यामठाकडं बघत थांबले आणि म्हणाले, "मला नाही रे पेपरला बसायचं स्वप्न पडत. मला पडतं ते सुपरव्हिजनचं."

"म्हणजे?"

"पेपर संपलाय. वर्गात पंचवीस पोरं होती, पंचवीस सह्या घेतल्यात. गठ्ठा मोजतोय, तर चोवीस. परत मोजतोय, चोवीस. बाहेर केंद्रसंचालक उभे, टपालाची गाडी उभी. मी बाकाखाली वाकून शोधतोय. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली."

"खऱ्यात कधी कमी आला होता का हो सर?"

"कधीच नाही," सर म्हणाले. "म्हणून तर."

आम्ही दोघांनी एकेक भडंगाची पुडी घेतली आणि गप्प बसून खाल्ली.

तर मंगळवारचा 'भू' बुधवारच्या ऑडिटचा होता. ऑडिटर पुण्याचे, बोलायला गोड. हे गोड ऑडिटर जास्त वाईट. त्यांनी रॅकवरनं एक कास्टिंग उचललं, हीट नंबर वाचला आणि त्याचा केमिस्ट्री रिपोर्ट मागितला. दोन मिनिटांत पुढं ठेवला. गेज दाखवा म्हणाले, कॅलिब्रेशनचे स्टिकर सगळ्यांवर होते. एका डायल गेजवर सोडून. ते मी टेबलाच्या खणात सरकवलं होतं, नेमका तोच खण त्यांनी पेन शोधायला उघडला.

मग वाळू. आमच्याकडं मोल्डिंगच्या वाळूची कॉम्पॅक्टिबिलिटी 38 ते 42 टक्क्यांत ठेवतात. म्हणजे चाळून नळीत सैल भरलेली वाळू ठोकल्यावर उंचीनं किती बसते, ते माप. चार्ट भिंतीवर होता, सगळे ठिपके रेषेच्या आत, कापडावरच्या बुट्ट्यांसारखे. ऑडिटर चार्टपुढं उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "हे 38 ते 42 कुणी ठरवलं? आणि का?"

अक्षरं बदलली होती. पीक्यूआर.

कुणी ठरवलं, ते मला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या इनचार्जनी लिहून ठेवलं होतं, त्यांच्या आधीच्यांनी त्यांना. माझ्या कानात सायकलची घंटी वाजली. तोंडातनं शब्द फुटेना. शेवटी मिक्सरखाली गेलो आणि मूठभर वाळू उचलून आणली. दाबली. मूठ उघडली. गोळ्यावर बोटांचे ठसे साफ उठलेले. दोन्ही हातांनी मधोमध मोडला, कडा धारदार राहिल्या आणि तळव्याला वाळू चिकटली नाही.

"ही चाळीसच्या आसपास असणार," मी म्हणालो. "38 च्या खाली गेली की कोरडी पडते. साचा काढताना कडा ढासळतात आणि ती वाळू कास्टिंगमध्ये जाते. 42 च्या वर गेली की ओल जास्त. रस ओतल्यावर वाफ होती आणि आत छिद्रं पडतात. मागं आमचा चारशेचा लॉट त्यानंच परत आलाय, साहेब."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. आमच्या साहेबांनी डोळे मिटून घेतले.

ऑडिटरनी मुठीतली वाळू स्वतःच्या हातात घेतली, मोडून बघितली आणि लॅबमधून टेस्ट करून आणायला सांगितली. 40 आली. ते मनापासून खूश झाले. मग खुर्चीत बसून त्यांनी सुबक अक्षरात दोन मायनर एनसी लिहिल्या. पहिली, डायल गेजवर कॅलिब्रेशनचा स्टिकर नाही. दुसरी, वाळूच्या मर्यादांमागचं कारण कागदोपत्री कुठंही नोंदलेलं नाही.

"पण आत्ता सांगितलं की साहेब!"

"तुम्हाला येतं हो," ते म्हणाले, "कागदाला येत नाही."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. एनसीचं उत्तर तीस दिवसांत द्यायचं, मग ते पुन्हा तपासायला येणार, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. भाकरीचं पीठ लागलेल्या हातानंच कॅलेंडरचं पान उलटलं, तीस दिवस मोजले आणि आदल्या तारखेवर आधीच एक 'भू' काढून ठेवला.

"त्या दिवशी मी पोरीच्या खोलीत झोपतो," म्हणाली.