मावशीचे पैसे दोन दिवस कुठे होते

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी हर्णै बंदरावर गेले होते. लिलाव आटपत आला होता, बैलगाड्या पाण्यातून शेवटची खेप आणत होत्या. नेहमीच्या मावशीकडून एक सुरमई आणि कोळंबीचा वाटा घेतला. २,३५० रुपये झाले. तिच्या लेकाने काढून दिलेला क्यूआर कोड पाटीच्या कडेला चिकटवलेला असतो. तो स्कॅन केला, पिन टाकला. माझ्या बँकेचा पैसे वजा झाल्याचा मेसेज लगेच आला. ॲपवर मात्र घड्याळाचं चिन्ह फिरत राहिलं.

मावशीने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोन काढून बघितला. "ताई, माझ्याकडं काय आलं नाय गो."

पाच मिनिटं थांबलो. दहा मिनिटं थांबलो. भोवती चार माणसं जमली आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "इथं रेंजच नाही, म्हणून अडकलं." एकजण म्हणाला, "पुन्हा पाठवा, पहिले आपोआप परत येतील." मी पुन्हा पाठवले नाहीत. जवळ ७०० रुपये रोख होते, ते तिच्या हातात ठेवले आणि सांगितलं, हे राहू देत, तुझे पैसे कुठे आहेत ते मला माहीत आहे, ते मिळाले की हे परत दे.

ते माहीत होतं कारण निवृत्त होण्याआधी अकरा वर्षं मी एका बँकेत याच कामाच्या टेबलावर होते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडून आलेली दिवसभराच्या व्यवहारांची फाइल एका बाजूला, बँकेच्या खात्यांतल्या नोंदी दुसऱ्या बाजूला, आणि जुळत नाहीत त्या ओळी शोधायच्या. मावशीचे २,३५० म्हणजे तसलीच एक ओळ. ती कशी तयार होते हे आपल्याकडच्या प्रत्येक विकणाऱ्या बाईला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी रेंजचं बघू, कारण कोकणात सगळा दोष तिच्यावरच जातो. यूपीआयमध्ये पैसे फोनवरून फोनवर जात नाहीत. मी पिन टाकला की माझा निरोप ॲपमधून एनपीसीआयकडे जातो. एनपीसीआय माझ्या बँकेला सांगते, हिच्या खात्यातून एवढे वजा करा. माझ्या बँकेने "केले" असं कळवलं की मगच एनपीसीआय मावशीच्या बँकेला सांगते, या खात्यात एवढे जमा करा. तिकडून "केले" आलं की व्यवहार पूर्ण. या सगळ्यात मावशीच्या फोनचा काही संबंध येत नाही. तो बंद असला, पाण्यात पडला, तरी पैसे खात्यात जमा होतात, फक्त तिला मेसेज दिसत नाही. माझ्या फोनची रेंज पिन टाकल्यावर गेली तर मला उत्तर दिसायला उशीर होईल, एवढंच. आणि निरोप फोनमधून बाहेर पडलाच नसता तर माझ्या खात्यातून एक रुपयाही गेला नसता. पैसे वजा झालेत याचाच अर्थ फोन आणि टॉवर आपलं काम करून मोकळे झालेत. अडकलंय ते पुढे, बँकांच्या दारात.

अडकण्याच्या जागा दोन आहेत आणि त्यांच्यातला फरक ओळखता आला की अर्धी धावपळ वाचते.

पहिली जागा पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेत. बँकेने पैसे वजा केले, पण "केले" हे उत्तर एनपीसीआयला वेळेत मिळालं नाही. मग एनपीसीआय पुढच्या बँकेला काही सांगतच नाही, व्यवहार रद्द धरते आणि पाठवणाऱ्याच्या बँकेला पैसे उलटे फिरवायला सांगते. अशा वेळी ॲप स्पष्ट दाखवतं की व्यवहार फसला. म्हणजे पैसे तुमच्याच बँकेत आहेत. बरेचदा काही मिनिटांत परत येतात, नाहीतर हिशेब जुळवताना सापडतात. घेणाऱ्याला यात काही करायचं नसतं.

दुसरी जागा घेणाऱ्याच्या बँकेत, आणि मावशीचं प्रकरण तिथलं. माझ्या बँकेने वजा करून कळवलं. एनपीसीआयने मावशीच्या बँकेला जमा करायला सांगितलं. आणि तिकडून उत्तरच आलं नाही. बँकेने "जमा होत नाही" असं स्पष्ट कळवलं असतं, समजा खातं बंद असतं, तर पैसे लगेच उलटे फिरले असते. घोटाळा होतो तो काहीच उत्तर न आल्यामुळे. संध्याकाळी एकदम व्यवहार वाढले की मुख्य संगणक दमतो. रात्री दिवसअखेरचं काम चालू असतं. लहान बँक असेल तर ती बरेचदा दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत जोडलेली असते आणि त्या दोघींमधला दुवा तुटतो. कारण काहीही असो, एनपीसीआयला एवढंच कळतं की ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही.

आता एनपीसीआयपुढचा पेच बघा. कदाचित मावशीच्या बँकेने पैसे जमा केले असतील आणि फक्त उत्तर हरवलं असेल. किंवा जमा केलेच नसतील. पहिली शक्यता खरी असताना माझे पैसे परत फिरवले तर मावशीच्या खात्यातही पैसे आणि माझ्याही. म्हणून नियम असा ठेवलाय की अशा व्यवहाराला "डीम्ड", म्हणजे झाला असं धरलेला, म्हणायचं. ॲपवर तो कधी प्रक्रियेत दिसतो, कधी चक्क यशस्वी दिसतो. आणि दोन बँकांमधला हिशेब चुकता होताना तो यशस्वी व्यवहारांतच मोजला जातो. हा हिशेब दिवसातून अनेक फेऱ्यांमध्ये होतो.

म्हणजे माझे २,३५० रुपये माझ्या बँकेकडून निघून मावशीच्या बँकेकडे पोचलेले असतात. ते बँकेकडे आहेत, तिच्या खात्यात नाहीत. बँकेच्या एका मधल्या खात्यात पडून राहतात. मग कोणीतरी एनपीसीआयची फाइल आणि आपल्या नोंदी जुळवायच्या, ओळ शोधायची, आणि दोनपैकी एक करायचं. पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकून तसं एनपीसीआयला कळवायचं, याला आम्ही टीसीसी म्हणायचो. किंवा जमा करता येत नसतील तर रिटर्न टाकून परत पाठवायचे. हे काम त्या बँकेखेरीज दुसरं कोणी करू शकत नाही. माझी बँक नाही, ॲपवाले नाहीत.

तोपर्यंत मी दुसऱ्यांदा पैसे पाठवले असते तर काय झालं असतं? दोन्ही वेळचे मावशीच्या खात्यात गेले असते. मावशी सरळ आहे, तिने परत दिलेच असते. पण पर्यटकाने पाठवलेले असते आणि तो रविवारी पुण्याला गेला असता तर? आणि यशस्वी झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन जाणाऱ्याला तिने खोटारडा म्हटलं असतं तर? दोन्ही माणसं खरी बोलत असतात आणि बंदरावर भांडणं होतात. मी पाहिली आहेत.

अशा वेळी हाताशी हवा एक बारा आकडी क्रमांक. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की आत UTR किंवा UPI transaction ID असं लिहिलेलं दिसतं. अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक क्रमांक दिसला तर तो ॲपचा स्वतःचा, तो बँकेच्या कामाचा नाही. बारा आकडे, नुसते आकडे. दोन्ही बँकांत आणि एनपीसीआयमध्ये व्यवहार त्याच क्रमांकाने सापडतो. मी तो मावशीच्या लेकाला पाठवला आणि माझ्या ॲपमधूनही तक्रार टाकली.

सोमवारी सकाळी मावशी बँकेत गेली. तिला सांगितलं गेलं, "ज्यांनी पाठवले त्यांना त्यांच्या बँकेत जायला सांगा, आमच्याकडे काही आलेलं नाही." मला खरा राग आला तो इथे. समोरच्या माणसाने तिचं पासबुक उघडलं, नोंद दिसली नाही, विषय संपला. पैसे पासबुकात नाहीत हे सांगायलाच तर ती आली होती! मी रिक्षा करून गेले. बारा आकडी क्रमांक कागदावर लिहून दिला आणि विनंती केली की खात्यात बघू नका, मुख्य कार्यालयात रिकन्सिलिएशनला, म्हणजे हिशेब जुळवणाऱ्या टेबलाला, हा क्रमांक विचारा. फोन झाला. वीस मिनिटांनी उत्तर आलं, डीम्ड आहे, आमच्याकडे पडून आहे. दुपारी चारच्या आत २,३५० तिच्या खात्यात.

दोन दिवस म्हणजे काय मोठं, असं कोणाला वाटेल. मावशीचं भांडवल रोज फिरतं. संध्याकाळी लिलावात घ्यायचं, विकायचं, दुसऱ्या दिवशी त्यातूनच पुन्हा घ्यायचं. रविवारी तिने नेहमीपेक्षा निम्मी पाटी उचलली. ते नुकसान कुठल्याच फाइलमध्ये दिसत नाही.

आणि नियम नाहीत असंही नाही. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू. एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा करता आले नाहीत, तर घेणाऱ्याच्या बँकेने फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत पाठवायचे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही गिऱ्हाइकाने मागायची वाट न बघता. यातला दिवस कॅलेंडरचा धरतात, रविवार सुटत नाही. दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवर पैसे वजा होऊन त्याला खात्री मिळाली नसेल तर मुदत पाच दिवसांची आहे. मावशीचा कोड साधा, तिच्या बचत खात्याचा, त्यामुळे मुदत रविवारी संपली. सोमवारचे १०० रुपये द्यायला हवेत.

ते आपोआप आले नाहीत. अर्ज मी लिहिला, मावशीने सही केली, पोच म्हणून शिक्का घेतला. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. वकील लागत नाही. शंभर रुपयांसाठी एवढं कशाला, असं मावशीच मला म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुझी निम्मी पाटी गेली, तिचे कोणी देणार नाही, निदान नियमाने ठरलेले तरी घेऊ.

शाखेत माझं एकच मागणं होतं आणि ते लेखी दिलंय. घेणारा गिऱ्हाईक बारा आकडी क्रमांक घेऊन आला तर त्याला दारातून परत पाठवू नका. पासबुक बघून उत्तर देऊ नका, तो क्रमांक मुख्य कार्यालयाला विचारा. वीस मिनिटांचं काम आहे.

मावशीने ७०० रुपये मंगळवारीच परत दिले, वर चार बांगडे. अर्जाला आज अठरा दिवस झाले. तिसाव्या दिवशी काय ते इथेच लिहीन.